कार्टून फिल्टर लावण्याआधी फोटोत काय नीट करायचं आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न : "मोबाईलवर काढलेल्या फोटोंचं कार्टून करतो. डोळ्यांखाली काळे डाग येतात, गालावर दाढीच्या खुंटांसारखे ठिपके येतात आणि केस मागच्या कपाटात मिसळून जातात. GIMP मधले सगळे आकडे मागेपुढे करून झाले. आधी फोटोच नीट करायला हवा का? हवा असेल तर काय काय आणि कोणत्या क्रमाने?"

हो, फोटोच. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ते आधी सांगतो, म्हणजे क्रम असाच का, हेही लक्षात येईल.

कार्टून करणाऱ्या फिल्टरला डोळा, गाल, केस यातलं काहीच ओळखता येत नाही. त्याला दिसतो तो फक्त उजेडातला फरक. एखादी जागा आजूबाजूपेक्षा एकदम गडद असली की तिथे तो रेघ ओढतो. फरक नसेल तर तिथला रंग तसाच राहू देतो. भुवई कपाळापेक्षा गडद आहे, म्हणून तिथे रेघ येते. डोळ्याखालची सावलीसुद्धा गालापेक्षा गडदच आहे, म्हणून तिथेही काळं येतं. आपल्याला पहिलं हवं असतं आणि दुसरं नको असतं, पण फिल्टरच्या लेखी दोन्ही सारखेच. त्यामुळे निवड आपल्यालाच करून द्यावी लागते. जिथे रेघ हवी तिथला फरक राखायचा आणि जिथे नको तिथला कमी करायचा. फोटोची तयारी म्हणजे दुसरं काही नाही.

आता कपाटाबद्दल, कारण ते नुसतं दिसायला वाईट आहे असं नाही, ते चेहराही बिघडवतं. GIMP मधल्या `Filters > Artistic > Cartoon` मध्ये दोन आकडे असतात. `Mask radius` म्हणजे प्रत्येक पिक्सेलची तुलना केवढ्या परिसराशी करायची ते, आणि `Percent black` म्हणजे काळ्याचा वाटा किती ठेवायचा ते. मेख अशी की हा वाटा अख्ख्या चित्रावरून ठरतो, फक्त चेहऱ्यावरून नाही. मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट असेल तर प्रत्येक पुस्तकाच्या फटीत दाट काळोख असतो. सगळ्यात गडद जागा तिथेच असल्यामुळे काळ्याचा बराचसा वाटा त्या फटीच खाऊन टाकतात आणि चेहऱ्यावरच्या नाजूक रेघा फिक्या पडतात. मग आपण वैतागून `Percent black` वाढवतो. नाकाची रेघ येते खरी, पण तिच्याबरोबर डोळ्याखालची सावली आणि गालावरचे खुंटही काळे होऊन येतात. तुम्ही आकडे मागेपुढे करत होता तेव्हा बहुधा हेच चाललं होतं. म्हणून फिल्टरच्या आकड्यांना हात लावायचा तो बॅकग्राऊंड साफ झाल्यावरच.

पुढचं सगळं थोडंफार तुमच्या शैलीवर अवलंबून आहे. नुसतं रेघांचं चित्र हवं असेल तर चेहऱ्यावर जितका सपाट, सगळीकडून सारखा उजेड तितकं बरं, कारण तिथे प्रत्येक सावली ही नको असलेली रेघ असते. तीन-चार रंगछटांचे सपाट तुकडे असलेलं चित्र हवं असेल तर उलट एका बाजूला ठळक सावली हवी, नाहीतर चेहरा पापडासारखा सपाट दिसतो. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला दोन्हीचं मिश्रण, म्हणजे रेघा अधिक सपाट रंग, हवं आहे असं धरून लिहितो.

मी फिल्टर लावण्याआधी दर वेळी एक चाचणी करतो आणि तिच्यावरच बाकीचं सगळं ठरवतो. फोटोची प्रत घ्यायची, `Colors > Desaturate > Desaturate` ने राखाडी करायची आणि मग `Colors > Posterize` मध्ये ४ हा आकडा द्यायचा. फोटोतल्या ० ते २५५ या पट्टीच्या फक्त चार पायऱ्या उरतात : ०, ८५, १७० आणि २५५. पायरी बदलते ती साधारण ४२, १२८ आणि २१३ या आकड्यांवर. ४२ च्या खालचं सगळं ठार काळं होतं, ४२ ते १२८ मधलं गडद राखाडी, १२८ ते २१३ मधलं फिकं राखाडी आणि त्यावरचं पांढरं. हे चित्र कुरूप दिसतं, पण खरं बोलतं. कोणते डाग पडणार, केस कुठे हरवणार, सावलीची कड नाकावरून जाणार की गालावरून, हे सगळं पाच सेकंदांत दिसतं. मूळ फोटोत आपला डोळा फसतो, कारण आपल्याला माणूस ओळखीचा असतो. या चित्रात तो सांभाळून घेऊ शकत नाही.

फोटो पुन्हा काढता येत असेल तर पुन्हाच काढा. सॉफ्टवेअरमध्ये तासभर खपून जे साधतं ते खिडकीपाशी दोन मिनिटांत होतं. डोळ्यांखालचे काळे डाग बहुतेक वेळा डोक्यावरच्या दिव्यामुळे पडतात. उजेड वरून आला की भुवयांच्या हाडाची सावली खोबणीत पडते आणि नाकाची ओठावर. तो दिवा बंद करा. थेट ऊन येत नसेल अशा मोठ्या खिडकीपासून मीटरभर अंतरावर माणसाला बसवा आणि चेहरा खिडकीकडे साधारण अर्धा वळवा. दुसऱ्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही इतपत लांब, पांढरं थर्माकोल किंवा मोठा पांढरा कागद धरा. तो जवळ आणला की सावलीची बाजू उजळते, लांब नेला की गडद होते. सावली दिसावी पण सावलीतला डोळाही स्पष्ट दिसावा, एवढ्यावर थांबायचं. दिवा बंद करायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळट असेल तर अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा होतो. फोटोत ते खपून जातं. पण सपाट तुकड्यांसाठी रंगांची संख्या कमी केली की त्वचेचे सरळ दोन वेगळे रंग होतात आणि माणूस जोडकाम केल्यासारखा दिसतो.

भिंत किंवा पडदा माणसाच्या मागे किमान दीड-दोन मीटर असू द्या. म्हणजे माणसाची सावली त्यावर पडत नाही आणि तिथली बारीक नक्षीही थोडी धूसर होते. फोनसुद्धा दीड मीटर लांब धरा, जवळ जाऊ नका. चेहरा लहान येतोय असं वाटलं तर दुप्पट झूमची वेगळी लेन्स असल्यास ती वापरा, नसेल तर नंतर क्रॉप करा. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. साध्या फोटोत त्वचेच्या बारीक छटांमुळे हा दोष लपतो. कार्टूनमध्ये त्या छटा उडतात, फक्त आकार उरतो, आणि मग ज्याचं चित्र आहे तो म्हणतो, "हा मी नाही."

फोनमधली दोन मदतनीस मंडळी बंद ठेवा. एक म्हणजे बॅकग्राऊंड खोटं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड. तो केसांची कड आणि चष्म्याची काडी कुरतडतो, आणि ती कुरतड फिल्टर इमानेइतबारे रेघेत उतरवतो. दुसरं म्हणजे त्वचा गुळगुळीत करणारं सौंदर्य-साधन. ते खुंट पुसतं, पण पापणीची कडही पुसतं.

फोटो पुन्हा काढता येत नसेल तर काय, हे मी एका प्रत्यक्ष कामावरून सांगतो. एका मित्राने वडिलांचा फोटो दिला. चित्र त्यांना अचानक द्यायचं होतं, त्यामुळे पुन्हा बसवणं शक्य नव्हतं. फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा. वडील खुर्चीत, मागे पुस्तकांचं कपाट, डोक्यावर ट्यूबलाइट, एका बाजूला खिडकी. म्हणजे तुमचंच प्रकरण, फक्त केस करडे.

सगळ्यात आधी क्रॉप. हनुवटीपासून केसांच्या टोकापर्यंत चेहरा ११०० पिक्सेल भरत होता. छातीपर्यंत ठेवून, डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडून मी २००० बाय २५०० चा भाग कापला. डोक्यावरची जागा सोडण्यात कंजुषी करू नका. केस चौकटीला टेकले की फिल्टर तिथे रेघ बंद करू शकत नाही आणि डोकं कापल्यासारखं दिसतं. मग `Image > Scale Image` ने १२८० बाय १६०० केला. चेहरा झाला सुमारे ७०० पिक्सेलचा.

हे लहान करणं लोक टाळतात, कारण मोठा फोटो म्हणजे चांगला फोटो असं डोक्यात बसलेलं असतं. पण फिल्टरचा परिसर पिक्सेलमध्ये मोजला जातो. `Mask radius` मुळात ७ असतो. ७०० पिक्सेलच्या चेहऱ्यात सात पिक्सेल म्हणजे साधारण पापणीच्या जाडीचा तपशील. चेहरा २५०० पिक्सेलचा असेल तर तेच सात पिक्सेल म्हणजे त्वचेवरची छिद्रं आणि खुंट. गालावरचे तुमचे ठिपके तिथूनच येतात : फिल्टर इतक्या जवळून पाहतोय की त्याला गाल दिसतच नाही, खुंट दिसतात. फोटो लहान केला की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि अंधुक उजेडात काढलेल्या फोटोतली रवाळ कचकचही बरीचशी जाते. आणखी एक फायदा म्हणजे सगळे फोटो एकाच मापाचे केले की एका फोटोवर जमलेले आकडे दुसऱ्यावरही जवळपास चालतात. मी चेहरा ६०० ते ८०० पिक्सेलच्या दरम्यान ठेवतो. छापायला मोठं चित्र हवं असेल तर ते कार्टून झाल्यावर मोठं करा. सपाट रंगांचं चित्र मोठं करणं फोटोपेक्षा सोपं जातं.

आता चाचणी. चार पायऱ्यांच्या चित्रात तीन गोष्टी दिसल्या. सावलीकडच्या डोळ्याखाली ठार काळा डाग होता. उजेडाकडच्या डोळ्याखाली गडद राखाडी चंद्रकोर होती. आणि करडे केस मागच्या पुस्तकांच्या फिक्या पाठींशी एकजीव झाले होते. कलर पिकरने राखाडी प्रतीवर आकडे वाचले. उजेडाकडचा गाल १६५, त्याच बाजूची डोळ्याखालची जागा ११८. सावलीकडचा गाल ७०, तिथली डोळ्याखालची जागा ३८. केस १६० च्या आसपास, शर्ट २३५.

आधी बॅकग्राऊंड घेतलं. खांदे, कान, मान यांच्या कडा स्वच्छ असतात, त्या मी पाथ टूलने आखून निवडतो. केसांना ते चालत नाही. तिथे लेयर मास्कवर मऊ ब्रशने हाताने काम करतो आणि बाहेर उडालेले सुटे केस सरळ कापून टाकतो. एकेक केस जपण्यात अर्थ नाही, कार्टूनमध्ये तो केस दिसत नाही, नुसती तुटक रेघ दिसते. केसांचा एकूण घेर बरोबर आला की झालं.

मग मागे कोणता रंग भरायचा? पांढरा सगळ्यांना सुचतो आणि बहुधा तोच चुकतो. या फोटोत शर्ट २३५ होता, पांढऱ्यावर खांदे गायब झाले असते. मधला २०० घेतला असता तर केस आणि शर्ट दोघांशीही फरक जेमतेम ३५-४० चा. मी १०० च्या आसपासचा मंद निळसर रंग घेतला. केसांपासून ६० चं अंतर, शर्टापासून १३५ चं, उजेडाकडच्या गालापासून ६५ चं. सावलीकडच्या गालाशी मात्र फरक तीसच उरला. पण त्या बाजूला गालाला लागून कान आणि केस होते, बॅकग्राऊंड थेट भिडत नव्हतं, म्हणून चाललं. माझा अंदाज-नियम असा की जे जे बॅकग्राऊंडला भिडतं त्याच्यापासून निदान ५० चं अंतर हवं, आणि शक्यतो चाचणीत दोन्ही वेगवेगळ्या पायरीवर पडायला हवेत. तुमच्या फोटोत केस काळे असतील, म्हणजे ३०-४० च्या घरात. तिथे १९० ते २१० चा फिका रंग चालेल, फक्त चेहऱ्याची उजळ बाजू त्याला थेट भिडते का ते बघा. भिडत असेल तर १०० ते ११० वर उतरा.

कापताना दोन चुका मी स्वतः पुष्कळ वेळा केल्या आहेत. पहिली म्हणजे कडेला जुन्या बॅकग्राऊंडची झालर राहणं. केसांच्या कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धा केस आणि अर्धं कपाट असतं. नव्या रंगावर ती तपकिरी किनार होऊन दिसते आणि फिल्टर तिच्या दोन्ही बाजूंनी रेघ ओढतो, म्हणजे डोक्याभोवती दुहेरी तार. निवड `Select > Shrink` ने एक-दोन पिक्सेल आत घ्या, `Select > Feather` ने एक पिक्सेल मऊ करा, आणि तरी किनार दिसली तर तिच्यावर शेजारच्या केसांचाच रंग मऊ ब्रशने फिरवा. दुसरी चूक म्हणजे बॅकग्राऊंड पारदर्शक ठेवून फिल्टर लावणं. पारदर्शक पिक्सेलला रंग नसतो असं आपण समजतो, पण खाली जुना रंग बऱ्याचदा तसाच दडलेला असतो. काही फिल्टर आणि अॅप तो वाचतात, काही त्या जागी काळं धरतात, आणि कडेला भलत्याच रेघा येतात. म्हणून खाली रंगाचा लेयर घालून `Image > Flatten Image` करायचं आणि मग फिल्टर. शेवटी पारदर्शक चित्रच हवं असेल तर मास्कची प्रत जपून ठेवा आणि कार्टून झाल्यावर त्यावर लावा.

यानंतर उजेड. इथे सगळा फोटो एकदम उजळायचा मोह होतो. तसं केलं तर डाग जातो, पण भुवया आणि बुबुळंही फिकी पडतात, म्हणजे हवी ती रेघही गेली. मी लेयरची प्रत घेतो, `Colors > Curves` मध्ये मधला भाग वर उचलून ती प्रत ठळकपणे उजळ करतो, तिला काळा मास्क लावतो म्हणजे ती पूर्ण लपते, आणि मग मास्कवर पांढऱ्या मऊ ब्रशने, अपारदर्शकता २० टक्के ठेवून, हवं तिथेच थोडं थोडं उघडत जातो. उजेडाकडच्या डोळ्याखाली ११८ चं १४० करायचं होतं. शेजारच्या गालाच्या १६५ पर्यंत न्यायची गरज नव्हती, १२८ ची पायरी ओलांडली की पुरे. ती जागा गालाच्याच तुकड्यात सामील होते आणि चंद्रकोर नाहीशी होते. सावलीच्या बाजूला ३८ चं ६० केलं. गाल ७० वर होता, दोघेही आता एकाच गडद राखाडी पायरीवर आले. तिथे १२८ च्या वर जाण्याचा प्रयत्न केला असता तर अख्खा गाल उचलावा लागला असता आणि सावली नाहीशी होऊन चेहरा चपटा झाला असता. सावली ठेवायची, फक्त तिच्यातलं भोक बुजवायचं.

तिसरं काम सावलीच्या कडेचं. १२८ ची सीमा नाकाच्या शेंड्यावरून वाकडीतिकडी जात होती. तीच सीमा मी नाकाच्या दांड्यावरून एकसलग येईल अशी केली : शेंड्याच्या एका बाजूला थोडं उजळलं, नाकपुडीजवळ थोडं गडद केलं. एवढ्याने चित्रात जो फरक पडतो तो इतर कशाने पडत नाही. सपाट रंगांच्या चित्रात सावलीची कड हीच नाकाची रेघ असते, ती तुटक असेल तर नाक मोडल्यासारखं दिसतं. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडीही याच वेळी बघायची. फोटोत ती सौम्य असते, कार्टूनमध्ये माणसाला दहा वर्षांनी म्हातारं करते. पूर्ण पुसू नका, चेहरा ओळखू येणार नाही. अर्ध्याने हलकी करा.

सावली उचलली की तिच्यात दडलेली रवाळ कचकच वर येते, म्हणून ती साफ करणं उजेडानंतर, आधी नाही. `Filters > Blur > Selective Gaussian Blur` मी वापरतो. नेहमीचा ब्लर सगळंच पुसतो. हा मात्र ठरावीक मर्यादेपेक्षा कमी फरक असलेले पिक्सेलच एकमेकांत मिसळतो, त्यामुळे खुंट गालात विरघळतात आणि पापणीची कड तशीच राहते. ती मर्यादा म्हणजे `Max. delta`. ०.१ पासून सुरुवात करा, `Blur radius` ४-५ ठेवा आणि ओठांची कड बघत राहा. ओठ त्वचेत मिसळू लागले की मर्यादा जास्त झाली. या टप्प्यावर शार्पन करू नका. फोन आधीच भरपूर शार्पन करून देतो आणि त्याने कडांना जी पांढरी किनार येते तिचीही फिल्टर रेघ करतो.

काही बारीक जागा हातानेच बघाव्या लागतात. दात दिसत असतील तर दातांमधल्या फटी हलक्या करा, नाहीतर हसण्याच्या जागी जाळी येते. दात म्हणजे एकच पांढरा तुकडा असा दिसला पाहिजे. डोळ्यातला उजेडाचा ठिपका मात्र जपा. ब्लरमध्ये तो गेला असेल तर लहान ब्रशने परत ठेवा, मूळ फोटोत होता त्याच जागी. चष्म्याच्या काचेवर चमक असेल तर मी खरंच सांगतो, तो फोटो सोडून दुसरा शोधा. चमकेखालचा डोळा फोटोत नसतोच, तो बनवावा लागतो, आणि बनवलेला डोळा लगेच कळतो. पुन्हा काढताना चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचलल्या की काच खाली झुकते आणि चमक जाते.

इतकं झाल्यावर पुन्हा तीच चार पायऱ्यांची चाचणी. वडिलांच्या फोटोत आता डोक्याचा घेर सलग होता, दोन्ही डोळ्यांखाली डाग नव्हते, सावली नाकाच्या दांड्यावरून एका रेघेत उतरत होती. मग Cartoon लावला. `Mask radius` ७ च ठेवला. `Percent black` मुळात ०.२ असतो, तो ०.१२ वर आणावा लागला, कारण कपाट गेल्यामुळे काळ्याचा सगळा वाटा आता चेहऱ्यालाच मिळत होता. तुम्हालाही तो कमीच करावा लागेल असं धरून चला. चाचणी अजून वाईट दिसत असेल तर फिल्टरचे आकडे ढवळत बसू नका, जो डाग दिसतोय त्याचा आकडा वाचा आणि तेवढीच जागा पुन्हा हाताळा.

काही फोटो मात्र वाचत नाहीत. कपाळ किंवा गाल २५५ ला टेकला असेल तर तिथे काहीच नोंदलेलं नसतं, कितीही गडद केलं तरी राखाडी ठिगळ मिळतं. चेहरा हललेला असेल तर कडाच नसतात. आणि मेसेजिंग अॅपमधून फिरत आलेल्या फोटोत चेहरा दोन-अडीचशे पिक्सेलचा उरलेला असतो, शिवाय आकुंचनामुळे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन त्वचेवर उमटलेले असतात, आणि फिल्टर त्या चौकोनांच्याही रेघा काढतो. शक्य असेल तर ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाईल मागा, ईमेलला जोडून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तीही मिळाली नाही तर कार्टूनचा नाद सोडून `Colors > Threshold` ने दोनच रंगांचं, स्टेन्सिलसारखं चित्र करा. त्याला एवढ्या तपशिलाची गरज नसते, आणि बॅकग्राऊंड व डोळ्यांखालचा उजेड वर सांगितल्यासारखा नीट केलेला असेल तर दोनशे पिक्सेलच्या चेहऱ्याचंही ते बरं येतं.